स्वागताचा मेल उघडतात, पुढचा नाही

*ताई, मी पाककृतींचं एक छोटं न्यूजलेटर चालवते. दर गुरुवारी एक मेल. सहा महिन्यांत ३४० जणांनी नाव नोंदवलं. स्वागताचा मेल बरेच जण उघडतात, पण त्यानंतरच्या पहिल्याच मेलला निम्म्याहून जास्त गायब. स्वागताच्या मेलमध्ये मी काहीच कमी ठेवलेलं नाही: माझी ओळख, आभार, २५ पाककृतींचं पीडीएफ, सगळ्या सोशल खात्यांच्या लिंक, शिवाय एका पाककृतीचं सुंदर कार्ड. मेल सोबत पाठवते आहे. चुकतंय कुठे?*
*— एक वाचक*

तुमचा मेल मी दोनदा वाचला. आधी खुर्चीत बसून मोठ्या पडद्यावर, मग ओट्यापाशी उभी राहून मोबाइलवर. खुर्चीत छान वाटला. ओट्यापाशी मात्र लगेच लक्षात आलं की हा मेल वाचून झाल्यावर तुमच्याकडून मला काहीच यायचं राहिलेलं नाही. निम्मी गडबड तिथेच आहे.

नाव नोंदवणारा माणूस मुळात त्या पंचवीस पाककृतींसाठी आलेला. त्या त्याला पहिल्याच मेलात मिळाल्या, त्याने त्या फोनमध्ये उतरवून घेतल्या आणि व्यवहार पुरा झाला. पीडीएफ तो पुन्हा उघडेल असं नाही, पण ‘आपल्याकडे आहे’ एवढं समाधान त्याला पुरतं. भरभरून दिलं की माणूस पुन्हा येईल, असा तुमचा हिशेब होता. पण पोट भरलेल्या माणसासमोर वाढपी आला की तो पानावर आडवा हात धरतो. पुढच्या गुरुवारी तुमच्या मेलचं तेच होतंय.

आणि शेवटची ओळ बघा: ‘दर आठवड्याला अशाच नवनवीन पाककृती घेऊन भेटत राहीन.’ ‘नवनवीन पाककृतीं’ची वाट कोणी बघत नाही. वाट बघायला एक नेमकी गोष्ट लागते, आणि ती कधी येणार हे ठाऊक असावं लागतं.

म्हणून पहिल्या मेलचं काम मी दोनच गोष्टींपुरतं ठेवते. वाचकाला आजच करून बघता येईल अशी एक लहानशी गोष्ट द्यायची. आणि ती करताना त्याच्या मनात जो प्रश्न आपोआप उभा राहील, त्याचं उत्तर पुढच्या मेलात ठेवायचं. पहिल्या गोष्टीने तुमच्या शब्दावर भरवसा बसतो, दुसरीने पुढचा मेल उघडला जातो. ओळख, आभार, लिंका हे सगळं या दोन कामांच्या आड येत असेल तर काढून टाका.

‘लहानशी गोष्ट’ मुद्दाम म्हणते आहे. पूर्ण पाककृती दिली की वाचकाला सामान बघावं लागतं, वेळ काढावा लागतो, घरच्यांना काय चालेल याचा विचार करावा लागतो. ‘रविवारी करू’ म्हणून तो मेल बाजूला ठेवतो आणि तो रविवार येत नाही. त्याऐवजी जे काम तो आज रात्री तसंही करणारच आहे, त्यातली एक हालचाल बदलायला सांगा. कांदा परतणं, अंडं उकडणं, बटाटे भाजणं, असं काहीही. नवं सामान नको, नवं भांडं नको. आज रात्री तुमचं म्हणणं त्याच्या गॅसवर खरं ठरलं, तर पुढच्या मेलवर तुमचं नाव दिसताच त्याचं बोट थांबेल.

आता प्रश्न शिल्लक ठेवण्याबद्दल. इथे मी स्वतः एकदा तोंडघशी पडले आहे, म्हणून आधीच सांगते. एका न्यूजलेटरसाठी पहिले दोन मेल लिहून देताना मला एक युक्ती सुचली होती: साहित्य आज द्यायचं, कृती दोन दिवसांनी. म्हणजे उघडतीलच ना दुसरा मेल! तर एका बाईंचं उत्तर आलं, ‘सामान आणून ठेवलंय, आता त्याचं करू काय?’ त्यापाठोपाठ नावं कमी करण्याच्या विनंत्या आल्या. मालिकेचा भाग अर्ध्यावर थांबलेला चालतो, कारण प्रेक्षक सोफ्यावर असतो. स्वयंपाक अर्ध्यावर थांबलेला चालत नाही. तेव्हा आजची गोष्ट आजच्या आज पुरी झालीच पाहिजे. शिल्लक ठेवायचं ते ती करून झाल्यावर सुचणारं ‘पण मग असं का?’

तुमच्यासाठी मी कांदा घेतला. तुमच्या कार्डावरच्या पाककृतीतही तो आहे, आणि ‘कांदा तपकिरी होईपर्यंत परता, १० मिनिटे’ हे वाक्य तुम्हीही लिहिलं आहे. (त्यावर पुढे येते.) सगळा मेल असा:

> विषय: कांदा चिकटतोय? एक चमचा पाणी
>
> प्रीव्ह्यू: आज रात्रीच करून बघा. दहा मिनिटांचा हिशेब परवा.
>
> नमस्कार,
>
> नाव नोंदवल्याबद्दल आभार. मी घरी रोज स्वयंपाक करते, आणि पाककृतीत लिहिलेलं आपल्या कढईत का घडत नाही, याचा छडा लावत बसते. हे न्यूजलेटर त्याचंच आहे.
>
> आज एकच गोष्ट. पुढच्या वेळी कांदा परतताना तो तळाला चिकटून तपकिरी डाग धरायला लागला, की तेल वाढवू नका. एक चमचा पाणी घाला आणि उलथन्याने तळ खरवडा. चिकटलेला थर पाण्यात सुटेल आणि कांद्यालाच लागेल. चव त्या थरातच असते. पाणी अर्ध्या-एक मिनिटात उडून जाईल. पुन्हा चिकटला तर पुन्हा एक चमचा. डाग काळे पडले असतील तर मात्र हे करू नका. तो कडवटपणा सगळ्या कांद्यात उतरेल.
>
> हे करताना एकदा घड्याळाकडे बघाल? पाककृतींत सर्रास ‘तपकिरी होईपर्यंत परता, १० मिनिटे’ असं लिहिलेलं असतं. तुम्हाला किती लागली, तेवढा आकडा या मेलला उत्तर म्हणून पाठवा. नुसता आकडा पाठवला तरी पुरे. सगळी उत्तरं मीच वाचते.
>
> दहा मिनिटांत का होत नाही आणि खरी किती लागतात, ते परवा सकाळी. मेलचा विषय असेल: ‘ती दहा मिनिटं खोटी आहेत’.
>
> (नाव नोंदवताना ज्या २५ पाककृती म्हटल्या होत्या, त्या इथे आहेत: लिंक)

एवढंच. मोबाइलवर दोन-तीन वेळा बोट सरकवलं की संपतो.

यातला घड्याळाचा भाग सर्वांत कामाचा आहे. वाचक आज रात्री कांदा परतेल तेव्हा ते वाक्य त्याच्या डोक्यात असेल. दहा मिनिटं होतील, कांदा जेमतेम पारदर्शक झालेला असेल, आणि तो मनात म्हणेल, ‘अरे, खरंच की.’ आता त्याच्याकडे स्वतःचा एक आकडा आहे, आणि तो बरोबर की चूक हे परवा कळणार आहे. ही उत्सुकता तुम्ही शब्दांनी तयार केलेली नाही, त्याच्या कढईने केली आहे. ‘पुढच्या मेलात एक भन्नाट गुपित!’ असं लिहून ती येत नाही. उलट ‘गुपित’, ‘धमाका’, ‘चुकवू नका’ असे शब्द दिसले की लोक त्याला जाहिरात समजतात.

दुसरा मेल मग त्याच प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे, पहिल्या ओळीपासून. त्यात काय असेल ते थोडक्यात सांगते, म्हणजे दोन्ही मेलांचा सांधा दिसेल. कांद्यात बहुतांश पाणीच असतं, दहापैकी जवळजवळ नऊ भाग. ते पाणी निघून जाईपर्यंत कढईतला कांदा १०० अंश सेल्सिअसच्या फारसा वर जात नाही, आणि तपकिरी रंग झपाट्याने चढतो तो १४० अंशांच्या आसपास. म्हणजे पहिला बराच वेळ तुम्ही कांदा परतत नसून वाळवत असता. मंद आचेवर खोल तपकिरी रंगाला पाऊण तास सहज लागतो. म्हणून सुरुवातीला मीठ घालून झाकण ठेवायचं, कांदा पाणी सोडून मऊ पडला की झाकण काढायचं, आणि कढईत गर्दी करायची नाही, कारण गर्दीत वाफ अडकते. आता कोणी विचारेल, ‘पाणी जायला हवं म्हणता, आणि परवा तुम्हीच एक चमचा घालायला लावलंत?’ विचारू द्या. तो प्रश्न विचारणारा वाचक आता तुमचा झाला. उत्तर सोपं आहे: कांद्याच्या पोटातल्या पाण्यापुढे एक चमचा म्हणजे काहीच नाही, आणि तो तळावरचा थर करपायच्या आत वाचवतो.

आणि ‘१० मिनिटे’ तुम्ही स्वतःही लिहिलं होतंत, हे त्या मेलात कबूल करा. मोकळेपणाने, एका ओळीत. त्याने वाचक दुरावत नाहीत.

विषयाच्या ओळीबद्दल. तुमची होती, ‘आमच्या परिवारात आपलं मनःपूर्वक स्वागत आहे!’ मोबाइलवर विषयाची साधारण तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, त्यामुळे ती ‘मनःपूर्वक स्वा…’ अशी तुटते. पण तुटली नसती तरी ती कुठल्याही दुकानाच्या मेलसारखीच आहे. शिवाय लोक मेल महिन्यांनी शोधतात. त्यांना ‘ते कांद्याचं काय होतं’ एवढंच आठवत असतं आणि ते शोधाच्या चौकटीत ‘कांदा’ टाइप करतात. विषयात ‘कांदा’ असेल तर मेल सापडतो, ‘मनःपूर्वक’ असेल तर नाही.

विषयाखाली फिकट अक्षरांत जी ओळ दिसते ती प्रीव्ह्यूची. ती तुम्ही भरलेलीच नव्हती. न भरल्यास मेल ॲप मजकुरातला अगदी पहिला भाग उचलून तिथे टाकतं. तुमच्या मेलच्या डोक्यावर ‘हा मेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा’ असं बारीक अक्षरात आहे, तर तुमच्या वाचकांनी पहिल्या भेटीत तेच वाचलं. मेल पाठवायच्या सेवेत विषयाच्या रकान्याजवळच या ओळीचा रकाना असतो. विषयात आलेले शब्द तिथे पुन्हा लिहू नका, पुढची गोष्ट लिहा.

कार्डाचं वाईट वाटतंय, कारण मेहनत घेतलेली दिसते. पण साहित्य आणि कृती चित्राच्या आत लिहिणं पाककृतीच्या मेलला फार महागात पडतं. काही मेल ॲप परक्या पत्त्यावरून आलेल्या मेलमधली चित्रं आधी दाखवतच नाहीत. तिथे तुमच्या पाककृतीच्या जागी रिकामा चौकोन आहे. जिथे चित्र दिसतं तिथे ते मोबाइलच्या रुंदीला आक्रसतं, आणि ‘अर्धा चमचा’ वाचायला दोन बोटांनी ताणावं लागतं. ती बोटं त्या वेळी पिठाची किंवा तेलाची असतात. आणि चित्रातला शब्द शोधून सापडेल याचीही खात्री नाही. फोटो ठेवायचा तर एकच ठेवा, त्यावर अक्षरं नकोत. स्वागताच्या मेलसाठी तयार पदार्थाच्या सजवलेल्या फोटोपेक्षा तळाला चिकटलेल्या कांद्याचा जवळून काढलेला, जरा ओबडधोबड फोटो मी निवडेन. वाचकाला स्वतःच्या कढईत तेच बघायचं आहे. फोटो दिसला नाही तर त्या जागी येणारी पर्यायी ओळही लिहून ठेवा: ‘कढईच्या तळाला तपकिरी डाग, आता पाणी घालायची वेळ’.

मजकूर तुम्ही टायपिंगच्या प्रोग्रॅममधून उचलून थेट चिकटवला आहे, असं दिसतं. त्याबरोबर न दिसणाऱ्या कोडचा मोठा ढीग येतो. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं आणि खाली ‘पूर्ण मेल पाहा’ अशी लिंक देतं. या मापात फोटो सहसा धरले जात नाहीत, कारण ते बाहेरून येतात. तो ढीग मात्र धरला जातो. आणि कापला जातो तो शेवट, म्हणजे नेमकी ‘परवा सकाळी’ची ओळ. साधा मजकूर म्हणून चिकटवा आणि ठळक वगैरे तिथेच करा.

तुमच्या फॉर्मवर काल मी माझा दुसरा पत्ता दिला. तीन मेल आले. आधी ‘पत्ता खरा आहे का, खात्री करा’ हा, बटणासह. बटण दाबल्यावर लगेच ‘नोंदणी पूर्ण झाली’ असा सेवेचा तयार मेल, तोही इंग्रजीत. आणि तुमचा स्वागताचा मेल एका तासानंतर. तुमच्याही हे लक्षात आलं नसेल, कारण चालवणारा माणूस स्वतःच्या यादीत नव्याने कधी जात नाही. मधला मेल सेटिंगमध्ये बंद करा. तासाभराचं अंतर शून्यावर आणा. बटण दाबतो त्या क्षणी माणूस इनबॉक्समध्येच असतो, तासाने तो कुठे असेल कोण जाणे. खात्रीचा मेल ठेवा, चुकीचे आणि खोटे पत्ते त्यात गळून जातात. फक्त त्यावर बटणाच्या वर एक ओळ लिहा: ‘हे दाबलंत की कांद्याची एक युक्ती लगेच पाठवते.’

आता वेळ. गुरुवारचा नेहमीचा मेल हाच तुमचा दुसरा मेल आहे, आणि उघडणारे घटण्याचं अर्धं कारण मला हेच वाटतं. शुक्रवारी नाव नोंदवणाऱ्याला तुमचा पुढचा शब्द सहा दिवसांनी ऐकू येतो, तोवर तो तुम्हाला विसरला. बुधवारी रात्री नोंदवणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी, तोही भलत्याच पदार्थाचा. दुसरा मेल वारावर बांधू नका, नोंदणीच्या दिवसापासून मोजा: बरोबर दोन दिवसांनी, सकाळी. सेवेत याला ऑटोमेशन म्हणतात. स्वागताचा मेल जिथे लावला आहे तिथेच पुढची पायरी जोडता येते. ‘दोन दिवस थांबा’ असा पर्याय दिसला तर सहसा अठ्ठेचाळीस तास मोजले जातात, हे ध्यानात घ्या. रात्री अकराला नोंदवलेल्याला दोन दिवसांनीही रात्री अकरालाच जाईल. वेळ ठरवून द्यायची सोय असेल तर सकाळची वेळ द्या. नसेल तर मेलात ‘परवा सकाळी’ऐवजी नुसतं ‘परवा’ लिहा. दिलेला शब्द खोटा पडू नये, एवढंच बघायचं आहे.

त्याबरोबर आणखी एक काम, जे बहुतेक जण विसरतात. दुसरा मेल जाईपर्यंत नव्या माणसाला गुरुवारच्या यादीतून बाहेर ठेवा. नाहीतर कांद्याचं उत्तर यायच्या आधी मध्येच गुरुवारचा मेल टपकतो आणि धागा तुटतो. एखादा टॅग लावून हे जमतं: नवीन आलेल्याला ‘नवा’, दुसरा मेल गेला की टॅग काढायचा, आणि गुरुवारचा मेल ‘नवा’ सोडून बाकीच्यांना.

पाठवणाऱ्याचं नाव दोन्ही मेलांवर आणि पुढे कायम एकच असू दे. सध्या स्वागत न्यूजलेटरच्या नावाने येतं आणि गुरुवारचा मेल तुमच्या स्वतःच्या नावाने. वाचकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात, दुसऱ्याशी त्याची ओळखच नाही. दोन्ही नावं जोडून एक करा आणि तेच धरून ठेवा.

पत्ताही बघा. तुमचा मेल `noreply@` ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून येतो, आणि आत लिहिलं आहे ‘तुमचे अभिप्राय जरूर कळवा’! लोकांनी कळवलेही असतील, कुठे गेले देव जाणे. तुम्ही खरंच उघडता असा पत्ता द्या. उत्तराचा दुसरा फायदा पडद्यामागे आहे. वाचकाने तुम्हाला उत्तर लिहिलं की त्याच्या मेल ॲपला कळतं, ही ओळखीची व्यक्ती आहे. मग पुढचे मेल जाहिरातींच्या कप्प्यात किंवा स्पॅममध्ये जाण्याची शक्यता कमी होते. हमी नाही, पण ‘कृपया आमचा पत्ता संपर्कात जतन करा’ या विनंतीपेक्षा हे चांगलं, कारण ती विनंती फारसं कोणी ऐकत नाही. म्हणूनच मी वाचकाकडे अभिप्राय मागितला नाही, आकडा मागितला. अभिप्राय लिहायला विचार करावा लागतो. ‘२५’ लिहायला नाही. आलेल्या प्रत्येक आकड्याला एका ओळीचं उत्तर द्या: ‘आच मोठी होती का?’ तुमच्याकडे रोज दोनेक माणसं येतात, तेवढ्यांना हे जमतं. हजारो झाल्यावर जमणार नाही, तेव्हाचं तेव्हा.

पीडीएफ काढून टाका असं म्हणत नाही. फॉर्मवर कबूल केलं आहे, तर दिलंच पाहिजे. पण मेलला जोडून नको, लिंक द्या, आणि सगळ्यात खाली. पुढे फॉर्मवरचीच भाषा बदलून बघा: ‘२५ पाककृती मोफत’च्या जागी ‘पाककृतीत लिहिलेलं आपल्या कढईत का घडत नाही, आठवड्याला एक उत्तर’. नावं कमी येतील, हे आधीच सांगून ठेवते. पण पीडीएफसाठी येणारा आणि न्यूजलेटरसाठी येणारा ही वेगळी माणसं आहेत, आणि तुम्ही आत्ता पहिल्याला बोलावून दुसऱ्याची वाट बघत आहात.

सोशल खात्यांच्या लिंका पहिल्या मेलातून काढा. मेल वाचणाऱ्याला तुम्ही स्वतःच दुसऱ्या दारातून बाहेर पाठवता आहात. तुमची तीन परिच्छेदांची ओळखही काढा. त्यातली आजीच्या वहीची गोष्ट मला आवडली, ती चौथ्या-पाचव्या मेलसाठी ठेवा. तेव्हा लोकांना तुमच्यात रस असेल. ‘नाव काढा’ची लिंक मात्र लपवू नका. ती सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो, आणि त्याचा फटका बाकीच्या वाचकांना जाणाऱ्या मेललाही बसतो.

राहिलं मोजमाप. ‘किती जणांनी उघडला’ या आकड्यावर फार विसंबू नका. ॲपलच्या मेल ॲपने २०२१ पासून गोपनीयतेची सोय आणली आहे. ती चालू असेल तर मेलमधली चित्रं आपोआप आधीच उतरवली जातात, आणि वाचकाने मेल न बघताही तुमच्याकडे तो ‘उघडला’ म्हणून नोंद होते. त्यामुळे स्वागताच्या मेलचा आकडा फुगलेला असू शकतो. दुसऱ्याचाही तसाच फुगतो, म्हणून एकाच गटातल्या माणसांची दोन मेलांमधली घट बघणं त्यातल्या त्यात बरं. त्याहून खरे आकडे दोन: पहिल्या मेलला किती उत्तरं आली, आणि दुसऱ्या मेलातल्या लिंकवर कितींनी बोट ठेवलं. त्यासाठी दुसऱ्या मेलात एक कामाची लिंक ठेवा, म्हणजे तुमच्या कार्डावरचीच पाककृती, सुधारलेल्या वेळेसह.

आणि महिन्याला साठेक माणसं येत असताना आठवड्याभरात निकाल काढू नका. दहांपैकी चारांनी उघडला की सहांनी, हा फरक दोन माणसांचा असतो, आणि ती दोन माणसं कदाचित गावाला गेलेली असतात. नवा मेल लावा, दोन महिने हात लावू नका. तेवढ्यात सव्वाशेच्या आसपास माणसं त्यातून जातील. उत्तरं बरी आली पण दुसऱ्या मेलची घट तशीच राहिली, तर धागा जुळलेला नाही असं समजा: दुसऱ्या मेलचा विषय पहिल्यात दिलेल्या शब्दांशी अक्षरशः जुळतो का ते आधी बघा. उत्तरंच आली नाहीत, तर कांदा हा विषय चुकला किंवा सांगितलेलं काम मोठं झालं. मग दुसरी गोष्ट घ्या, तितकीच लहान, आणि आधी स्वतः घड्याळ लावून करून बघा. मी हा मेल लिहिण्याआधी काल दोन मध्यम कांदे मंद आचेवर ठेवले होते. माझा आकडा ४२ आला.